बनावट प्लेसमेंट ड्राइव्हची निमंत्रणं : प्राचार्यांना जागृती सत्रासाठी पत्र कसं लिहावं

प्रश्न : मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे, वर्गप्रतिनिधी आहे. मागच्या आठवड्यात आमच्यातल्या बऱ्याच जणांना एका नामांकित कंपनीच्या पूल कॅम्पस ड्राइव्हचं निमंत्रण आलं आणि ते खोटं निघालं. दोघांनी पैसेही भरले. सगळ्यांसाठी एक जागृती सत्र ठेवावं म्हणून प्राचार्यांना पत्र द्यायचं आहे. पत्रात काय लिहू? आणि प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या टीपीओ सरांवर ठपका आल्यासारखं वाटू नये म्हणून कसं मांडू?

उत्तर :

पत्राला हात घालण्याआधी एक काम करा. ज्या दोघांनी पैसे भरले, त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आहे का ते आजच विचारा. केला नसेल तर आत्ता करायला लावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार भरायला लावा. फसवणुकीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फार झपाट्याने सरकवले जातात. तक्रार नोंदली की वाटेतल्या बँकांना ती रक्कम रोखून धरायला सांगता येतं, पण रक्कम कुठल्या तरी खात्यात शिल्लक असेल तरच. आठवडा उलटला असला तरी तक्रार करायचीच, फक्त पैसे परत मिळण्याची आशा कमी धरायची. फोन करताना यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी असू द्या. तक्रारीचा पोच क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. पुढे पत्रातही त्याचा उपयोग आहे.

आता पत्राकडे वळू. पुण्यातल्या महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांत मी बरीच वर्षं काम केलं आहे आणि विद्यार्थ्यांची अशी पत्रं टेबलावर आलेली पाहिली आहेत. बहुतेकांची सुरुवात एकच असते : ‘सध्याच्या डिजिटल युगात सायबर गुन्ह्यांचे प्रमाण वाढत आहे.’ या वाक्यावर कुणाचाच आक्षेप नसतो, म्हणून त्यावर कुणी काही करतही नाही. पत्रावर शेरा पडतो, सूचनाफलकावर ‘विद्यार्थ्यांनी सतर्क राहावे’ अशी एक नोटीस लागते आणि प्रकरण फाइलला जातं. प्राचार्यांना पत्र वाचताना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. हे आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडलं का? त्यात महाविद्यालयाचं नाव वापरलं गेलं का? आणि माझ्याकडून नेमकं काय हवं आहे? पहिल्या परिच्छेदातच या तिन्हींची उत्तरं मिळाली तर पत्र पुढे सरकतं.

त्यासाठी आधी ते निमंत्रण नीट तपासायला हवं. तुमच्याकडे आलेला मेल मी पाहिलेला नाही, पण अशा निमंत्रणांचा साचा साधारण ठरलेला असतो. समजा, मंगळवारी संध्याकाळी मेल येतो. विषयात कंपनीचं नाव, ‘पूल कॅम्पस’ आणि तुमची बॅच. आत पॅकेज, पात्रतेची अट, शनिवारी हिंजवडीत मुलाखत आणि ‘आपल्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने आपले नाव सुचवले आहे’ असं एक वाक्य. खाली गूगल फॉर्मची लिंक. फॉर्ममध्ये नाव, पीआरएन, टक्केवारी, आधार आणि पॅनचे फोटो. फॉर्म भरला की व्हॉट्सॲपवर ‘एचआर’चा मेसेज येतो : जागा मर्यादित आहेत, आज सहापर्यंत १,४९९ रुपये परत मिळणारी नोंदणी रक्कम भरा, क्यूआर कोड सोबत आहे. भरली की दुसरी मागणी येते, कागदपत्र पडताळणीची किंवा लॅपटॉपच्या अनामत रकमेची. ती पहिलीच्या तिप्पट-चौपट. विद्यार्थी नाही म्हणेपर्यंत मागण्या थांबत नाहीत.

या साच्यात एक गोष्ट नीट बघा. खरी ड्राइव्ह तुमच्यापर्यंत कशी पोहोचते? व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, खाली गूगल फॉर्म असतो, ‘दोन तासांत भरा, कंपनीला यादी पाठवायची आहे’ अशी घाई असते. बऱ्याच महाविद्यालयांत खरी निमंत्रणं अशीच येतात, कारण कंपन्याही प्लेसमेंट सेलला ऐनवेळी कळवतात. म्हणजे खोट्या निमंत्रणाची घाई, त्याचा फॉर्म, त्याचा मार्ग, सगळं खऱ्यासारखंच असतं. विद्यार्थी भोळे असतात म्हणून फसतात, हे मला मान्य नाही. त्यांना ज्या पद्धतीची सवय लावलेली असते, तीच पद्धत समोरचा वापरतो. म्हणून तुमच्या पत्रात एका विनंतीऐवजी दोन असाव्यात. एक सत्राची. दुसरी अशी की महाविद्यालयाची खरी ड्राइव्ह ओळखता येईल अशी एक ठरलेली खूण असावी. नुसतं सत्र झालं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा बिननावाचा फॉर्म पडला, तर सत्रात ऐकलेलं कुणाच्याच उपयोगी पडणार नाही.

मेल खोटा आहे हे पत्रात म्हणायचं तर ते दाखवता आलं पाहिजे. पाठवणाऱ्याचं नाव सोडून द्या, ते कुणालाही हवं ते ठेवता येतं. पत्त्यात `@` च्या पुढे काय आहे, म्हणजे डोमेन कोणता, ते वाचा. कंपनीच्या नावाला आडवी रेघ देऊन careers, hiring किंवा drive असा शब्द चिकटवलेला असेल, तर तो पत्ता कंपनीचाच आहे असं धरता येत नाही. मग कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथला पत्ता ताडून पाहा. मेलमधल्या लिंकवरून वेबसाइटवर जाऊ नका. पुढे `whois` शोध देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर तो डोमेन टाका आणि `Creation Date` पाहा. वर्षानुवर्षं चालत आलेल्या कंपनीच्या नावाचा डोमेन तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेला निघाला, तर ही तारीख पत्रात जोडण्यासारखी आहे. उलट तारीख जुनी निघाली म्हणून मेल खरा ठरत नाही, आणि नव्या स्टार्टअपचा डोमेन नवाच असणार, हेही ध्यानात ठेवा.

संगणकावर जीमेल उघडून मेलच्या तीन टिंबांत `Show original` दाबलं की वर SPF, DKIM आणि DMARC समोर PASS किंवा FAIL दिसतं. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. PASS दिसलं की मेल खरा, असं ते समजतात. तिन्ही PASS असले तरी अर्थ एवढाच, की मेल ज्या डोमेनचा म्हणवतो त्याच डोमेनवरून आला आहे. तो डोमेनच भामट्याने विकत घेतला असेल तर तिन्ही ठिकाणी PASS येतं. FAIL आलं तर मात्र शंका पक्की करायला तो चांगला आधार आहे. त्याच पानावर `Reply-To` ही ओळ शोधा. मेल एका पत्त्यावरून आलेला आणि उत्तर भलत्याच मोफत मेलच्या पत्त्यावर जाणार, असं बऱ्याचदा आढळतं.

पुरावा जपताना दोन चुका टाळा. मेल एकमेकांना साधा फॉरवर्ड केला की त्यातली ही आतली माहिती निघून जाते. म्हणून ज्याला मूळ मेल आला, त्याच्याकडूनच `Download Original` करून फाइल घ्या. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा पूर्ण मोबाइल क्रमांक दिसला पाहिजे. एखाद्याने तो ‘एचआर सर’ म्हणून सेव्ह केला असेल तर स्क्रीनशॉटवर फक्त तेवढंच दिसतं आणि तो कागद पोलिसांच्या काही कामाचा राहत नाही. पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, तेही टिपून ठेवा. कंपनीच्या नोंदणीसाठीची रक्कम एखाद्या व्यक्तीच्या नावावर जात असेल, तर ती एक ओळ प्राचार्यांना बाकी सगळ्यापेक्षा लवकर पटते.

‘कुठलीही फी मागितली की फसवणूकच’ असं पत्रात सरसकट लिहू नका. भरतीसाठी चालणाऱ्या काही स्वतंत्र परीक्षांना खरोखर शुल्क असतं, ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पोर्टलवर भरलं जातं आणि त्याची रीतसर पावती मिळते. टीपीओंना हे माहीत असतं आणि अशा एका ढोबळ वाक्यामुळे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवरही शंका येते. ‘व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवून व्यक्तीच्या खात्यात रक्कम मागितली’ असं घडलं तसं लिहा.

आता टीपीओ सरांचा प्रश्न. निमंत्रणात तुमची शाखा, पीआरएन किंवा टक्केवारी बरोबर होती का? असेल तर ही माहिती बाहेर गेली कुठून, हा प्रश्न येणारच. माझ्या अनुभवात याचं उत्तर फारसं गूढ नसतं. पात्र विद्यार्थ्यांची यादी एखाद्या गूगल शीटमध्ये असते, ती ‘लिंक असलेल्या कुणालाही’ दिसेल अशी ठेवलेली असते आणि ती लिंक दहा ग्रुपांत फिरलेली असते. मात्र नोकरीच्या वेबसाइटवर टाकलेल्या रेझ्युमेमध्येही हेच सगळं असतं, आणि ते कुणी ठेवलं? विद्यार्थ्यांनी स्वतः. तेव्हा हाती पुरावा नसताना ‘प्लेसमेंट सेलमधून डेटा फुटला’ असं लिहिणं चूक आहे आणि अन्यायाचंही. ‘निमंत्रणांत विद्यार्थ्यांची शाखा व टक्केवारी अचूक होती, ही माहिती कोठून गेली हे आम्हांस माहीत नाही’ एवढंच लिहा. प्राचार्यांना त्यातून जे समजायचं ते समजतं. आणि पत्र देण्याआधी मसुदा घेऊन टीपीओ सरांना भेटा. त्यांच्या नावाने खोटी निमंत्रणं फिरतात तेव्हा सर्वांत जास्त मनस्ताप त्यांनाच होतो. पत्र त्यांच्यामार्फत गेलं तर ते सत्राच्या बाजूने उभे राहतील. त्यांना वगळून गेलं तर पहिलाच आठवडा खुलाशात जाईल.

फसलेल्यांची नावं पत्रात घालू नका. पैसे गेल्याची लाज असते, घरी सांगितलेलं नसतं, आणि कार्यालयातलं पत्र पाच-सहा हातांतून जातं. संख्या द्या, तक्रारीचे पोच क्रमांक संबंधितांची हरकत नसेल तर द्या. कायद्याची कलमंही नकोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आणि भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची कलमं अशा प्रकरणांत लागतात, पण कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतील.

खालचा मसुदा तुमच्या प्रकरणावर बेतलेला आहे. आकडे आणि तारखा नमुन्यादाखल आहेत, तुमच्या खऱ्या नोंदींप्रमाणे बदला.

---

दिनांक : ………

प्रति,
मा. प्राचार्य,
……… महाविद्यालय, पुणे.

मार्फत : ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर

विषय : बनावट प्लेसमेंट ड्राइव्हच्या निमंत्रणांबाबत माहिती देणे व विद्यार्थ्यांसाठी जागृती सत्र घेण्याबाबत विनंती.

महोदय,

दि. ……… ते ……… या काळात आपल्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या किमान ३४ विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या पूल कॅम्पस ड्राइव्हची निमंत्रणे ईमेल व व्हॉट्सॲपद्वारे आली. ‘महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने आपले नाव सुचवले आहे’ असा उल्लेख त्यात होता. प्लेसमेंट विभागाकडे चौकशी केली असता अशी कोणतीही ड्राइव्ह ठरलेली नसल्याचे समजले. दोन विद्यार्थ्यांनी मिळून ८,९९८ रुपये भरले असून त्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. आणखी ११ विद्यार्थ्यांनी पैसे भरले नाहीत, मात्र आधार व पॅन कार्डाच्या प्रती फॉर्ममधून दिल्या आहेत.

निमंत्रण ज्या पत्त्यावरून आले तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्याशी जुळत नाही. संबंधित डोमेनची नोंदणी निमंत्रण येण्यापूर्वी तीन आठवडे झालेली दिसते. रक्कम एका व्यक्तीच्या नावावरील यूपीआय खात्यात मागण्यात आली. निमंत्रणांत विद्यार्थ्यांची शाखा व टक्केवारी अचूक होती. ही माहिती कोठून गेली हे आम्हांस माहीत नाही.

पुढील ड्राइव्ह दि. ……… पासून सुरू होत आहेत. त्यापूर्वी आपण खालील दोन गोष्टी कराव्यात, ही विनंती.

पहिली, अंतिम व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दीड तासाचे जागृती सत्र शाखानिहाय घ्यावे. त्यासाठी सायबर पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना महाविद्यालयातर्फे निमंत्रणपत्र द्यावे व प्लेसमेंट विभागाच्या प्रतिनिधींनीही सत्रात बोलावे. आलेली निमंत्रणे व्यक्तिगत तपशील झाकून उदाहरणादाखल देण्याची आमची तयारी आहे.

दुसरी, यापुढे प्रत्येक ड्राइव्हची सूचना महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील एकाच ठिकाणी क्रमांकासह प्रसिद्ध व्हावी आणि तोच क्रमांक ग्रुपवरील संदेशात असावा, जेणेकरून विद्यार्थ्यांना खात्री करता येईल.

सत्राची व्यवस्था, उपस्थितीची नोंद व इतर मदत आम्ही वर्गप्रतिनिधी करू. आपल्या सोयीची वेळ मिळाल्यास प्रत्यक्ष भेटून अधिक माहिती देता येईल.

आपला विश्वासू,
(नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक)

सोबत : १) निमंत्रणाच्या ईमेलची प्रत २) व्हॉट्सॲप संदेशांचे स्क्रीनशॉट ३) डोमेन नोंदणीच्या माहितीची प्रत ४) तक्रारींचे पोच क्रमांक

प्रत माहितीसाठी : सर्व विभागप्रमुख

---

मसुद्यात ११ जणांची ओळ मी मुद्दाम घातली आहे. तुमच्याकडेही असे विद्यार्थी असतील, त्यांची संख्या काढा. ‘आमचे पैसे गेले नाहीत’ म्हणून ते निर्धास्त असतात, पण त्यांचा धोका अजून टळलेला नाही. आधार, पॅन, सही आणि सेल्फी एकत्र हाती लागले की त्या नावावर सिमकार्ड किंवा कर्ज घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो. त्यांनी `sancharsaathi.gov.in` वर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहावं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं आणि काही महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून अनोळखी कर्ज दिसतं का ते तपासावं. प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ‘सॅलरी अकाउंट’ म्हणून खातं उघडायला लावणं आणि त्याचं एटीएम कार्ड व सिम मागून घेणं. त्या खात्यातून मग दुसऱ्यांच्या फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठवलं जातं आणि पोलिसांचा फोन विद्यार्थ्याच्या घरी येतो. तुमच्या वर्गात असं कुणी केलं असेल तर सत्राची वाट न पाहता त्याला आधी बँकेत आणि मग पोलिसांकडे न्या, शक्यतो पालकांसोबत.

पोलिसांना बोलावण्याबद्दल. विद्यार्थ्यांनी फोन केला तर बहुधा ‘कॉलेजचं पत्र आणा’ असं उत्तर येईल, म्हणून मसुद्यात महाविद्यालयातर्फे निमंत्रणपत्राची विनंती आहे. पत्र कुणाच्या नावे जाणार हे महाविद्यालय कुठे आहे त्यावर ठरतं. शिवाजीनगर, कोथरूडकडची महाविद्यालयं पुणे शहर पोलिसांकडे येतात. आकुर्डी, निगडी, वाकड, हिंजवडी हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. लोणावळ्यासारखा भाग पुणे ग्रामीणकडे. चुकीच्या ठिकाणी पत्र गेलं तर ते फिरत राहतं आणि ड्राइव्ह सुरू होऊन जातात. अधिकाऱ्यांना बंदोबस्तामुळे ऐनवेळी येता येत नाही असंही होतं. म्हणून टीपीओ सर आणि संगणक विभागातले एक प्राध्यापक यांच्यावर सत्र उभं राहील अशी तयारी ठेवा. अधिकारी आले तर उत्तमच.

सत्र शाखानिहाय का मागायचं, तेही सांगतो. पाचशे मुलं सभागृहात बसवून केलेल्या भाषणात ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, एवढंच होतं. ते सगळ्यांना पाठ असतं. साठ-सत्तर जणांच्या वर्गात मात्र पडद्यावर आलेला खरा मेल लावता येतो आणि मुलांनाच विचारता येतं, की यात तुम्हांला कुठे शंका आली? पहिली वीस-पंचवीस मिनिटं या एकाच मेलला द्या. मग प्रत्येकाला आपापल्या इनबॉक्समधलं एक जुनं निमंत्रण उघडून पत्ता आणि `Reply-To` तपासू द्या. त्यानंतर टीपीओ सरांनी सांगावं, की आमची ड्राइव्ह कुठे दिसेल, शंका आली तर कुणाला विचारायचं आणि रात्री आठ वाजता मेसेज आला तर काय करायचं. शेवटची पंधरा मिनिटं १९३० साठी ठेवा : फोनवर कोणती माहिती विचारतात, यूटीआर ॲपमध्ये कुठे सापडतो. हा यूटीआर शोधण्याचा सराव प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर, जुन्या एखाद्या व्यवहारावर करून घ्या. घाबरलेल्या माणसाला तो ऐनवेळी सापडत नाही.

उपस्थिती सक्तीची करायची की नाही ते महाविद्यालय ठरवेल, पण तृतीय वर्षाला वगळू देऊ नका. पुढच्या वर्षी प्लेसमेंटला बसणारे तेच आहेत, आणि इंटर्नशिपच्या नावाने येणारे असेच मेल त्यांना आतापासून येत असतात.

दुसऱ्या विनंतीवर एक अडचण समोर येईल. ‘वेबसाइट अपडेट करायला वेंडर लागतो, दोन दिवस जातात,’ असं कार्यालय म्हणेल आणि ते खरंही असतं. तेव्हा वेबसाइटचा हट्ट सोडा. प्लेसमेंट सेलने महाविद्यालयाच्या अधिकृत मेल आयडीवरून प्रत्येक ड्राइव्हची सूचना क्रमांकासह पाठवावी आणि ग्रुपवरच्या मेसेजमध्ये तोच क्रमांक यावा, एवढंही पुरे. क्रमांक नकली बनवता येईल, म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबायचं नाही. त्या क्रमांकाचा मेल आपल्या महाविद्यालयाच्या इनबॉक्समध्ये आहे का, हे बघायचं. नसेल तर फॉर्म भरायचा नाही. खरी ऑफ-कॅम्पस संधी यातून सुटेल का? कंपनीने थेट बोलावलेल्या ऑफ-कॅम्पस ड्राइव्हला महाविद्यालयाचा क्रमांक नसणारच. तिथे कंपनीच्या वेबसाइटवरच्या करिअर विभागात ती जागा दिसते का ते पाहायचं, आणि दिसली तर तिथूनच अर्ज करायचा.

पत्र देताना दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. जोडपत्रांत विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक दिसत असतील तर ते आधी काळे करा. पैसे घेणाऱ्याचा क्रमांक मात्र झाकू नका. आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही तर तो आवक क्रमांक घेऊन टीपीओ सरांसोबत प्राचार्यांची भेट मागा, आणि सोबत सत्रासाठी दोन तारखा आणि मोकळ्या वर्गखोल्यांची यादी तयार ठेवा.